युरो-डॉलरवरचा मूव्हिंग अॅव्हरेज क्रॉसओव्हर: बॅकटेस्टमधला नफा नियमाचा किती, निवडीचा किती

मूव्हिंग अॅव्हरेज क्रॉसओव्हरचा नियम दोन वाक्यांत संपतो. गेल्या काही दिवसांच्या भावांची एक छोटी सरासरी काढायची आणि एक मोठी. छोटी सरासरी मोठीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. सोपेपणामुळेच हा नियम फसवा ठरतो. ठरवायचे असतात दोनच आकडे, आणि संगणक अशा शेकडो जोड्या तपासून त्यातली सर्वांत देखणी आपल्यापुढे ठेवतो. ती जोडी देखणी का दिसते, हे तो सांगत नाही.

बॅकटेस्ट म्हणजे नियम मागच्या भावांवर चालवून पाहणं. त्यातली जोडी देखणी का दिसते हे शोधायची पद्धत इथे युरो-डॉलरच्या दरावर दाखवली आहे. थोडं पायथन येत असेल तर सगळं काम एका संध्याकाळी होतं.

आकडे कुठून घ्यायचे आणि त्यातली खोच

चलन बाजारात युरोचे व्यवहार ४ जानेवारी १९९९ पासून सुरू झाले आणि त्याच दिवसापासून युरोपीय सेंट्रल बँक रोजचे संदर्भ दर जाहीर करते. हा सगळा इतिहास `eurofxref-hist.csv` या एका फाइलमध्ये फुकट मिळतो. त्यातल्या `USD` स्तंभात एका युरोला किती डॉलर हे दिलेलं असतं. पहिल्या दिवसाचा दर १.१७८९ आहे.

या फाइलमध्ये सर्वांत ताजी तारीख वर असते आणि १९९९ तळाशी. ती तशीच वापरली तर काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ही चूक आरडाओरडा करत नाही. पायथनमध्ये सरासरी, दैनंदिन बदल आणि सरकवणं हे सगळंच उलट क्रमाने होतं, म्हणजे आपण काळ उलटा वाहतो असं धरून बॅकटेस्ट करतो. उलट्या काळातही चढ-उतार लांबलचक असतात, त्यामुळे निकाल अगदी शक्य कोटीतला वाटतो. एक्सेलमध्ये परतावा योग्य दिशेने काढला आणि सरासरी मात्र त्या ओळीपासून वरच्या ओळींची घेतली, तर प्रकार वेगळा होतो: सरासरीत पुढच्या दिवसांचे भाव शिरतात आणि नफ्याचा आलेख शिडीसारखा चढतो. शिडी दिसली तर निदान शंका तरी येते.

```python
import numpy as np, pandas as pd

df = pd.read_csv("eurofxref-hist.csv",
                 index_col="Date", parse_dates=True)
p = df["USD"].dropna().sort_index()
print(p.index[0], p.iloc[0])   # 1999-01-04  1.1789
```

शेवटच्या ओळीत तारीख आणि दर असाच छापला गेला तरच पुढे जा. मग आलेख काढून दोन ठिकाणं डोळ्यांनी ताडून पाहा: ऑक्टोबर २००० मध्ये दर ०.८३ च्या आसपास तळाला असायला हवा आणि जुलै २००८ मध्ये १.६० च्या जवळ शिखरावर.

नियम आणि एका दिवसाची गफलत

```python
def bt(p, f, s, spread=0.0001):
    r = np.log(p).diff()
    sig = np.sign(p.rolling(f).mean() - p.rolling(s).mean())
    pos = sig.shift(2)
    net = pos * r - pos.diff().abs() * spread / 2
    return net.iloc[202:]

def sharpe(x):
    return x.mean() / x.std() * 252 ** 0.5
```

यात `f` म्हणजे छोट्या सरासरीचे दिवस आणि `s` मोठीचे. `pos` एक असेल तर युरो खरेदी केलेला, उणे एक असेल तर विकलेला. शार्प रेशो म्हणजे दैनंदिन परताव्याची सरासरी भागिले त्याच परताव्याचं प्रमाण विचलन, वर्षाच्या मापात आणलेलं. पुढे सगळीकडे तुलना याच आकड्यात आहे.

पहिल्या २०२ ओळी टाकून दिल्या आहेत, कारण २०० दिवसांच्या सरासरीला तेवढी सुरुवात लागते. ५/२० ची जोडी महिनाभरात चालू होते, ५०/२०० ला जवळजवळ वर्ष लागतं. प्रत्येक जोडी आपापल्या सोयीच्या दिवसापासून मोजली तर तुलना निरनिराळ्या काळांची होते आणि ते लक्षातही येत नाही.

आता `shift(2)`. आजच्या भावावरून निघालेला संकेत आजच्या भावाने आलेल्या परताव्याला लावता येत नाही; निदान एक दिवस सरकवावा लागतो. संदर्भ दर मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी सव्वादोनच्या सुमाराच्या भावांवर ठरतात आणि चारच्या सुमारास जाहीर होतात, म्हणजे दर कळेपर्यंत त्या भावाने व्यवहार करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आज संकेत, उद्याच्या दराने व्यवहार आणि परवापासून परतावा, असं दोन दिवसांचं अंतर इथे ठेवलं आहे.

सरकवायचं विसरलं तर नुकसान किती? हे गणिताने काढता येतं. भाव पूर्णपणे नाणेफेकीसारखे असले, म्हणजे नियमात काडीचा अर्थ नसला, तरी ५/२० च्या जोडीला या एका चुकीमुळे सुमारे ०.९८ इतका शार्प रेशो मिळतो. कारण साधं आहे: आज भाव उसळला तर छोटी सरासरी आजच वर सरकते आणि त्याच उसळीचं श्रेय नियमाला मिळतं. ५०/२०० मध्ये एका दिवसाचं वजन इतकं कमी असतं की हीच चूक जेमतेम ०.०३ ची भर घालते. म्हणून छोट्या जोड्या झगमगत असतील आणि मोठ्या मरगळलेल्या, तर कौतुक करण्याआधी कोडमधली ही ओळ वाचा. दुसरी खूण: `shift(1)` चं `shift(2)` केल्यावर निकाल कोसळला तर तो नफा कलाचा नव्हता. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या कलाला एका दिवसाच्या उशिराने फारसा फरक पडत नाही.

स्प्रेड किरकोळ, व्याज भारी

खर्च आला की सगळे स्प्रेडबद्दल, म्हणजे खरेदीच्या आणि विक्रीच्या भावांतल्या फरकाबद्दल बोलतात. युरो-डॉलरमध्ये ती भीती थोडी अवास्तव आहे. नाणेफेकीच्या भावांवर ५/२० ची जोडी वर्षातून साधारण १६ वेळा बाजू बदलते. प्रत्येक वेळी जुना सौदा मिटवून उलटा करायचा, म्हणजे एक पूर्ण स्प्रेड जातो. स्प्रेड एक पिप, म्हणजे ०.०००१ धरला, तर वर्षाला १६ पिप; सव्वा डॉलरच्या आत-बाहेरच्या दरावर हे सुमारे ०.१३ टक्के होतात. तिप्पट स्प्रेड देणाऱ्यालाही अर्ध्या टक्क्याच्या आत भागतं. ज्या दराचं वार्षिक चढ-उताराचं प्रमाण साधारण ८ ते १० टक्के आहे, तिथे एवढ्याने चांगला नियम मरत नाही.

बॅकटेस्टमधून सहसा गळतं ते व्याज. युरो खरेदी म्हणजे डॉलर उसने घेऊन युरो ठेवणं. सप्टेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडचा दर ५.२५ ते ५.५० टक्के होता आणि युरोपीय सेंट्रल बँकेचा डिपॉझिट दर ४ टक्के. या काळात युरो धरून बसणाऱ्याला दर जागचा हलला नाही तरी वर्षाला सुमारे १.४ टक्क्यांचा खड्डा होता. संदर्भ दरांच्या फाइलमध्ये याचा मागमूस नसतो. दोन्ही दर अमेरिकी फेडच्या सेंट लुइस शाखेच्या संकेतस्थळावर `DFF` आणि `ECBDFR` या नावांनी मिळतात. मात्र २००८ पूर्वीच्या काळासाठी युरोचा डिपॉझिट दर न घेता मुख्य रिफायनान्सिंग दर घ्या, कारण तेव्हा बाजारातलं व्याज त्याच्या जवळ असायचं. युरोच्या दरातून डॉलरचा दर वजा करायचा, टक्क्यांतला हा फरक १०० ने आणि मग २५२ ने भागून, `pos` ने गुणून रोजच्या परताव्यात मिळवायचा.

रुपयाच्या बाबतीत हे गळणं नुसती चूक राहत नाही, पूर्ण निकालच फिरवतं. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ च्या अखेरीस ८३ च्या. म्हणजे तेरा वर्षं नुसता डॉलर घेऊन बसणाऱ्याला कागदावर वर्षाला सुमारे ४.८ टक्के मिळताना दिसतात, आणि वर-वर जाणाऱ्या भावावर बहुतेक काळ खरेदीच्या बाजूला राहणारा कोणताही क्रॉसओव्हर हुशार वाटतो. पण भारतातलं व्याज या काळात अमेरिकेपेक्षा बरंच जास्त होतं, आणि तो फरक फ्युचर्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांच्या भावात प्रीमियम म्हणून आधीच बसलेला असतो. पुढच्या महिन्याचा डॉलर आजच महाग घ्यावा लागतो. हाजिर, म्हणजे आजच्या रोखीच्या दरावर दिसलेली कमाई बहुतांशी या प्रीमियममध्ये विरघळते. म्हणून रुपयावरचा बॅकटेस्ट हाजिर संदर्भ दरावर कधीच करू नये. फ्युचर्सचे भाव जोडून केलेली मालिका वापरावी आणि करार बदलतानाची भावातली पायरी परतावा म्हणून मोजली गेली नाही ना, ते पाहावं.

जाता जाता: ३ मे २०२४ पासून भारतीय शेअर बाजारांवर रुपयाचे चलन करार खऱ्या परकीय चलनाच्या जोखमीसाठीच घेता येतात, निव्वळ सट्ट्यासाठी नाही. शिवाय ज्या परदेशी ऑनलाइन मंचांना परवानगी नाही त्यांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. इथला सगळा खटाटोप अभ्यासासाठी आहे असं धरा.

नव्वद जोड्यांतली पहिली

आता मूळ मुद्दा. छोट्या सरासरीसाठी ५, १०, १५ असं ५० पर्यंत दहा आकडे घेऊ. मोठीसाठी २०, ४०, ६० असं २०० पर्यंत दहा. छोटी ही मोठीपेक्षा लहानच हवी, म्हणून शंभरातल्या दहा जोड्या गळतात आणि ९० उरतात. १९९९ ते २०११ हा काळ निवडीसाठी ठेवायचा. सुरुवातीचे २०२ दिवस वजा जाता साधारण बारा वर्षं हातात राहतात.

```python
F = range(5, 51, 5)
S = range(20, 201, 20)

def best(p):
    return max((sharpe(bt(p, f, s)), f, s)
               for f in F for s in S if f < s)

train = p.loc[:"2011"]
print(best(train))
```

इथून एक जोडी आणि तिचा शार्प रेशो बाहेर पडतो. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि तोच आकडा नियमाची कुवत समजतात. तो आकडा वाचायचा कसा, ते पाहू.

ज्या नियमात काहीही दम नाही, त्याचाही बारा वर्षांचा शार्प रेशो बरोबर शून्य येत नाही. तो शून्याच्या आजूबाजूला पसरतो, आणि पसाऱ्याचं माप असतं एक भागिले वर्षांचं वर्गमूळ, म्हणजे बारा वर्षांना ०.२९. एकच नियम तपासला तर ०.२९ च्या वर जाण्याची शक्यता साधारण सहात एक. पण एकमेकांशी संबंध नसलेले ९० निकामी नियम तपासून त्यातला पहिला उचलला, तर त्या पहिल्याचा अपेक्षित शार्प रेशो सुमारे ०.७१ येतो. दम शून्य, आकडा ०.७१. वर्गातल्या नव्वद मुलांनी पेपर न वाचता उत्तरं ठोकली तरी कोणीतरी पहिला येतोच, तसं.

आपल्या ९० जोड्या मात्र एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. ५०/१८० आणि ५०/२०० वर्षातले बहुतेक दिवस एकाच बाजूला उभ्या असतात. नव्वदांत स्वतंत्र असे दहाच आहेत असं धरलं तर निव्वळ नशिबाचा आकडा ०.४४ पर्यंत उतरतो. खरा आकडा दहाचा, वीसचा की पाचचा, हे बसल्या जागी सांगता येत नाही. त्यासाठी चाचणी लागते.

नाणेफेकीची चाचणी

कल्पना अशी: युरो-डॉलरच्या रोजच्या बदलाचा आकार जसाच्या तसा ठेवायचा, दिशा मात्र रोज नाणं उडवून ठरवायची. २००८ च्या शेवटाचे धक्के तिथेच राहतात, शांत वर्षं शांतच राहतात. नाहीसा होतो तो फक्त कल. अशा खोट्या इतिहासावर कोणत्याही क्रॉसओव्हरला खरी कमाई अशक्य आहे. मग त्याच ९० जोड्या, तोच शोध, तोच स्प्रेड लावून त्यावरची सर्वोत्तम जोडी काढायची. असे ५०० खोटे इतिहास करायचे.

```python
rng = np.random.default_rng(7)
r = np.log(train).diff().dropna().values
fake = []
for _ in range(500):
    q = r * rng.choice([-1, 1], len(r))
    fake.append(best(pd.Series(np.exp(q.cumsum())))[0])

real = best(train)[0]
print(np.median(fake), np.mean(np.array(fake) >= real))
```

चालायला काही मिनिटं लागतात. छापल्या जाणाऱ्या दोन आकड्यांपैकी पहिला आपल्या शोधाचं भाडं समजा: काहीच नसताना एवढ्या शोधातून इतका शार्प रेशो सहज निघतो. दुसरा सांगतो की खोट्या इतिहासांपैकी किती टक्क्यांनी आपल्या खऱ्या निकालाची बरोबरी केली किंवा त्याला मागे टाकलं.

उदाहरण म्हणून समजा, खऱ्या इतिहासावर १५/६० जोडी ०.५५ घेऊन पहिली आली. खोट्या इतिहासांतल्या सर्वोत्तम जोड्यांचा मध्य ०.४५ निघाला आणि ५०० पैकी ११० खोट्या इतिहासांनी ०.५५ ओलांडलं. म्हणजे २२ टक्के. बॅकटेस्टचा आलेख छान असेल, पण नुसत्या नाणेफेकीतून दर पाचांत एकदा याहून छान आलेख मिळतो. पुढच्या वर्षांकडून ०.५५ ची अपेक्षा ठेवायला काहीच आधार नाही; ०.५५ वजा ०.४५, म्हणजे ०.१० च्या आसपास काही उरलं तरी पदरात पडलं म्हणायचं. २२ टक्क्यांऐवजी दोन टक्क्यांहून कमी आले असते तर पुढे जाण्यात अर्थ होता.

इथे एक गफलत हमखास होते. खऱ्या इतिहासावर ९० जोड्या शोधायच्या आणि खोट्यावर मात्र जिंकलेली १५/६० एकटीच तपासायची. मग नशिबाचा आकडा शून्याजवळ येतो आणि आपला नियम थोर ठरतो. चाचणी जोडीची नसून शोधाची आहे. खऱ्यावर जे जे केलं ते सगळं खोट्यावरही करायला हवं.

दिशा उलटवण्याची ही युक्ती युरो-डॉलरला शोभते, कारण त्याच्या वर जाण्याचा आणि खाली येण्याचा स्वभाव बऱ्यापैकी सारखा आहे. एका बाजूने धरून ठेवलेल्या चलनाला ती लावू नये. स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँकचा तळ घातला होता आणि १५ जानेवारी २०१५ ला तो अचानक काढला. त्या सुमारे सव्वातीन वर्षांतला दर बाजाराचा कमी आणि मध्यवर्ती बँकेचा जास्त होता. त्यावर बसवलेल्या जोडीला त्या सकाळी काय झालं याची कल्पनाच नसते.

शेजारीपाजारी आणि मोजकेच सौदे

टक्केवारी बरी आली तरी ९० आकड्यांचा तक्ता समोर मांडून पाहावा: आडवी छोटी सरासरी, उभी मोठी, चौकटीत शार्प रेशो. १५/६० ला ०.५५ असेल आणि १०/६०, २०/६०, १५/८० यांना ०.४ ते ०.५ असतील, तर तिथे पठार आहे. शेजारी ०.१ वर आणि मधेच एक सुळका असेल, तर त्या जोडीने दोन-चार विशिष्ट तारखा नेमक्या पकडल्या आहेत, दुसरं काही नाही. पण पठार म्हणजे पुरावा नव्हे. शेजारच्या जोड्या मुळातच सारख्या वागतात, त्यामुळे निव्वळ नाणेफेकीतही पठारं दिसतात. सुळका दिसला तर जोडी टाकून द्यावी. पठार दिसलं तर फक्त टाकून देऊ नये, एवढाच याचा उपयोग.

मोठ्या जोड्यांची अडचण वेगळी आहे. नाणेफेकीच्या भावांवर ५०/२०० ची जोडी वर्षाला सरासरी १.६ वेळाच बाजू बदलते. बारा वर्षांत १९ सौदे. रोजच्या तीन हजार ओळी असल्या तरी निर्णय एकोणीसच, आणि त्यातले दोन-तीनच सगळी कमाई आणतात. २०१४ च्या मे महिन्यात १.३९ च्या आसपास असलेला युरो पुढच्या वर्षाच्या मार्चमध्ये १.०६ च्या जवळ आला, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांची घसरण. त्यातला अर्धा भाग जरी नियमाच्या पदरात पडला तरी १२ टक्के. दहा वर्षांची एकूण कमाई २० टक्के दिसत असेल तर तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा एका घसरणीचा. म्हणून सौद्यांची यादी काढावी आणि सर्वांत मोठे दोन सौदे वगळून बेरीज करावी. बेरीज ऋण झाली तर नियम वाईटच असं नाही. कलामागे धावणाऱ्या नियमांची कमाई अशीच मोजक्या सौद्यांतून येते. पण मग दोन घटनांवरून जोडी निवडली हे मान्य करावं लागतं.

ठिगळं

इथपर्यंत फक्त दोन आकडे होते. खरी नासाडी त्यानंतर होते. तोट्याचे सौदे पाहिले जातात आणि मग सुचतं: तोटा १.२ टक्के झाला की सौदा मिटवणारा स्टॉपलॉस लावू, शुक्रवारी सौदा नको, चढ-उतार फार असेल तर गप्प बसू. एकोणीस सौद्यांतले सर्वांत वाईट दोन वगळणारी अट शोधणं अवघड नसतं. कोणतीतरी अट ते करतेच. ती सापडली की शार्प रेशो उडी मारतो आणि त्या अटीला कारणही चिकटवलं जातं. स्टॉपलॉस १.२ च का, १ किंवा १.५ का नाही, याचं उत्तर विचारलं तर ते त्या दोन सौद्यांत सापडतं.

मोजणी करून पाहा. ९० जोड्या, सहा चलनं, चार स्टॉपलॉस आणि तीन गाळण्या, यांचा गुणाकार ६,४८०. बघून सोडून दिलेले प्रयत्नही यात धरायचे. ते लक्षात राहत नाहीत, म्हणून साध्या वहीत प्रत्येक प्रयत्नाची ओळ लिहावी: तारीख, काय बदललं, निकाल. नाणेफेकीच्या चाचणीत हा सगळा पसारा घालावा लागतो, आणि तो घातला की बहुतेक ठिगळं आपोआप उसवतात.

राखून ठेवलेली वर्षं

निवड संपली, वही बंद झाली, की मगच २०१२ ते २०२३ उघडायची. सरासरीला मागचे दिवस लागतात म्हणून गणित संपूर्ण मालिकेवर करायचं आणि निकाल नंतर कापायचा.

```python
x = bt(p, 15, 60).loc["2012":"2023"]
print(sharpe(x))
```

हे एकदाच. निकाल आवडला नाही म्हणून २०/६० करून पाहिलं की ही बारा वर्षंसुद्धा निवडीचा भाग झाली, आणि राखीव असं काही उरलं नाही. बहुतेक घरगुती बॅकटेस्ट इथे बिघडतात, आणि बिघडवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण प्रत्येक वेळी त्याने "वेगळ्या काळावर तपासून" पाहिलेलं असतं. ज्याला २०१४-१५ ची घसरण आधीच ठाऊक आहे आणि म्हणूनच जो लांब सरासऱ्या निवडतो, त्याने फाइल न उघडताही राखीव काळ थोडा वापरलेला असतो. याला पक्का इलाज नाही.

आलेला आकडा वाचतानाही संयम हवा. या बारा वर्षांचा पसाराही ०.२९ चाच. समजा ०.१० आला. ज्या नियमाची खरी कुवत ०.४ आहे, त्यालाही बारा वर्षांत ०.१० किंवा कमी मिळण्याची शक्यता १५ टक्के असते. उलट, कुवत शून्य असलेल्या नियमाला ०.३ च्या वर मिळण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे राखीव काळ बनावट नियम पकडतो, पण सगळे नाही, आणि अधूनमधून खऱ्यालाही नापास करतो.

चलनांवरच्या जुन्या अभ्यासांकडेही याच नजरेने पाहावं लागतं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या आकड्यांवर साधे मूव्हिंग अॅव्हरेजचे नियम डॉलरच्या जोड्यांमध्ये खरोखर कमवत होते. एकाहून जास्त संशोधकांना ते दिसलं. १९९० च्या दशकात ती कमाई आटली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने चलन बाजारात हस्तक्षेप केलेले दिवस वगळले की आधीची कमाईही बरीच कमी होते, हेही नोंदलं गेलं आहे. म्हणजे जिथे ओव्हरफिटिंग, म्हणजे मागच्या आकड्यांना नियम ओढूनताणून बसवणं नव्हतं, तिथेही नियम कायमचा टिकला नाही. नाणेफेकीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला नियम पुढच्या दशकात मरणार नाही याची हमी ती चाचणी देत नाही. ती फक्त मागच्या आकड्यांबद्दल बोलते.

आणि मागचे आकडे अपुरेच आहेत. ०.४ शार्प रेशोचा खराखुरा नियम शून्यापासून खात्रीने वेगळा ओळखायचा, म्हणजे पसाऱ्याच्या दुप्पट अंतरावर, तर २ ला ०.४ ने भागून त्याचा वर्ग करावा लागतो: २५ वर्षं. युरोचा जन्म १९९९ चा. तेवढा इतिहास जेमतेम जमला आहे, तोही एकाच नियमासाठी, जो आधी ठरवून मग एकदाच तपासला असेल.